सहीचं सोडून सगळं

एक माणूस खोलीत शिरतो तो लग्नाची मागणी घालायला. समोरच्या बाईला ते ठाऊक आहे. घरातल्या मोठ्या बाईंनी पुढाकार घेऊन दोघांना एकांत मिळवून दिलाय. ही दोघं मग बोलतात कशाबद्दल? सामानात न सापडणाऱ्या कुठल्याशा वस्तूबद्दल. आता कोण कुठे जाणार त्याबद्दल. शेवटी थंडीबद्दल. पारा शून्याच्या खाली तीन अंशांवर असल्याचं तो सांगतो. आपला थर्मामीटर मोडलाय, असं ती कळवते. तेवढ्यात बाहेरून त्याला कुणीतरी हाक मारतं. जणू त्या हाकेचीच वाट पाहत असल्यासारखा तो निघून जातो. लग्नाचा विषय तिथेच संपतो, आणि त्या दोघांच्या बोलण्यात लग्न हा शब्दसुद्धा आलेला नसतो.

अंतोन चेखवच्या ‘चेरीची बाग’ या नाटकाच्या चौथ्या अंकातला हा प्रवेश आहे. नाटक 1904 साली मॉस्को आर्ट थिएटरने रंगमंचावर आणलं. संवादलेखन शिकवणारे जगभरचे शिक्षक हा प्रवेश पुन्हापुन्हा वाचायला देतात, कारण खरं भांडण किंवा खरी मागणी शब्दांच्या खाली ठेवायची म्हणजे काय, ते इथे दोन मिनिटांत दिसतं. आपण त्याला सबटेक्स्ट म्हणू. लेखनाच्या वर्गात हा शब्द आता रुळला आहे.

मात्र हा प्रवेश वर्गात वाचून दाखवला की पुढच्या आठवड्याच्या वह्यांमध्ये हवामानाचा पूर येतो. दोन माणसं खिडकीबाहेर बघत असतात, पाऊस पडत असतो, कुणीतरी म्हणतं, “यंदा लवकर आला,” मग तीन टिंबं, मग शांतता. वाचणाऱ्याला वाटतं, यांच्यात काहीतरी बिनसलंय बहुतेक. काय बिनसलंय ते त्याला कळत नाही, कारण लिहिणाऱ्यालाही ते माहीत नसतं. त्याने चेखवची थंडी उचललेली असते, पण थंडीखाली काय चाललंय तिकडे त्याचं लक्ष गेलेलं नसतं.

म्हणून आधी तिकडे बघू. वार्या त्या घरमालकिणीची मानलेली मुलगी. इतकी वर्षं किल्ल्या कमरेला लावून तिने घर चालवलं. लोपाखिनचे बापजादे याच जमीनदारीवर वेठीला बांधलेले होते, आणि आता लिलावात ती बाग आणि तो वाडा त्यानेच विकत घेतलाय. आपण होऊन मागणी घालणं आपल्याला शक्य नाही, असं वार्या आधीच्या अंकात आईला सांगून चुकली आहे. म्हणजे बोलायचं तर त्यानेच. आता प्रवेश पुन्हा वाचला की प्रत्येक साधं वाक्य हालचाल करायला लागतं. ती सामान चाचपते, म्हणजे खोलीत थांबायला तिला एक निमित्त मिळतं. दुसऱ्यांच्या घरी कारभारीण म्हणून जायचं ठरलंय, असं ती सांगते. त्याचा अर्थ, मी चालले, काही बोलायचं असेल तर हीच वेळ. तो उत्तरादाखल ते गाव किती लांब आहे ते सांगतो, सत्तर व्हर्स्ट, म्हणजे जवळजवळ 75 किलोमीटर. तिने दार उघडं ठेवलं होतं. त्याने अंतर मोजलं. अशी एकेक संधी येते आणि जाते, आणि थर्मामीटरपर्यंत पोचेपर्यंत सगळ्या संपलेल्या असतात.

थोडक्यात, वरचं बोलणं कशाबद्दलही असू शकतं. खाली मात्र एक ठरावीक झटापट चालू असावी लागते आणि वरचं प्रत्येक वाक्य हा त्या झटापटीतला एक डाव असावा लागतो. हे तत्त्व म्हणून ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्ष लिहिताना काय करायचं, ते एक प्रसंग घेऊन बघू. प्रसंग रशियातला नको. आपल्याकडे घरोघरी न बोलता चालणारी एक गोष्ट आहे, ती घेऊ : बहिणीची हक्कसोडपत्रावरची सही.

विनायक रत्नागिरीकडच्या एका गावात राहतो, आई त्याच्याजवळ असते. वडील वारले. त्यांच्या मागे घर आणि कलमांची बाग आहे. वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर आई, विनायक आणि डोंबिवलीला दिलेली थोरली बहीण सुनंदा अशी तिघांची नावं चढली. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तो सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं आणि त्यासाठी सोडणाऱ्याने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात स्वतः हजर राहावं लागतं. विनायकला बागेवर कर्ज काढायचंय. त्यासाठी सुनंदाची सही हवी.

आता पहिली पायरी, आणि ही बहुतेक जण गाळतात. भांडण आधी उघडंनागडं लिहून काढायचं. असं :

“ताई, हक्कसोडपत्रावर सही कर. तुझं नाव असलं की बँक अडवते.”

“म्हणजे माझा हिस्सा असाच सोडायचा?”

“बाबांचं आजारपण मी काढलं. तू कुठे होतीस?”

“तू बोलावलंस कधी?”

“तुला लग्नात काही कमी केलं का आम्ही?”

“सही केली की पुढच्या वर्षीपासून मी त्या घरात पाहुणी.”

हा खर्डा कुणाला दाखवायचा नाही, पण याच्याशिवाय पुढचं पान लिहिता येत नाही. कुणाला काय हवंय आणि कुणाला कशाची भीती आहे, हे यातून कळतं. विनायकला सही हवी आहे. पण बहिणीच्या दारी मागायला गेलेला भाऊ, असं व्हायला त्याला नको आहे. सुनंदाचं शेवटचं वाक्य बघा. तिची काळजी पैशाची कमी आणि माहेराची जास्त आहे. हे लिहायला बसण्याआधी ठाऊक नव्हतं, खर्डा लिहिताना सापडलं. उघडं भांडण लिहून काढण्याचा खरा फायदा हाच. माणसं तुम्हाला वाटलं होतं त्याहून वेगळ्याच गोष्टीसाठी भांडत असतात.

दुसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि माझ्या मते नव्वद टक्के फसलेले प्रवेश इथेच फसतात. ही दोघं सरळ का बोलत नाहीत? याला ठोस उत्तर हवं. ‘स्वभावच अबोल’ हे उत्तर चालणार नाही; अबोल माणसंही सहीची वेळ आली की तोंड उघडतात. इथे उत्तर असं आहे. विनायकने मागितलं आणि ती नाही म्हणाली, तर नकार घेऊन त्याला घरी जावं लागेल आणि पुढे प्रत्येक भाऊबीजेला तो नकार ताटाशेजारी बसेल. तिने आपण होऊन दिलं, तर मागितल्याचा डाग लागत नाही. म्हणून तो वाट बघणार. सुनंदाने विषय काढला तर गावात ती ‘हिस्सा मागणारी बहीण’ ठरते. म्हणून तीही वाट बघणार. जो आधी बोलेल तो हरेल, अशी ही रचना आहे. ती जमली की सबटेक्स्ट वेगळा आणावा लागत नाही. दोघांनाही दुसरं काही बोलण्यावाचून गत्यंतरच उरत नाही.

तिसरी गोष्ट, हातांना काम. चेखवने वार्याला सामान दिलं. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’मध्ये (1985) दारातला बंद पडलेला ट्रॅक्टर देशपांड्यांच्या घरातल्या किती न बोललेल्या गोष्टी अंगावर वागवत उभा असतो. काम किंवा वस्तू निवडताना मी तीन गोष्टी बघतो. ती त्या भांडणाच्या मातीतली असावी. ते काम करताना माणसांना एकमेकांजवळ बसावं लागावं, पण एकमेकांकडे बघावं लागू नये. आणि काम कधीतरी संपणारं असावं, म्हणजे प्रवेशालाही शेवट मिळतो. चहा पिणं या तिन्ही कसोट्यांवर नापास होतं. मराठी कथांमध्ये एवढा चहा ओतला जातो त्याचं कारण लेखकांचा आळस आहे, पात्रांची तहान नव्हे. विनायक दरवर्षी मे महिन्यात बहिणीकडे हापूसची एक पेटी पोचवतो. यंदा त्याने दोन आणल्या आहेत. आंबे पेटीतून काढून, निवडून, गवतावर अढी लावायची आहे. काम झालं.

आणि लिहायला बसण्याआधी शेवटचं : वाचकाला मूळ विषय कधी सांगायचा? बरेच नवे लेखक तो शेवटपर्यंत दडवतात. चेखव दडवत नाही. लोपाखिन आणि वार्या समोरासमोर येण्याआधी घरमालकीण लग्नाचा विषय लख्ख बोलून गेलेली असते. वाचकाला आधी माहीत असेल तरच त्याला आंब्यांच्या गप्पांत सही ऐकू येईल. तेव्हा एकदा, थोडक्यात आणि सुरुवातीलाच सांगून टाकायचं. आता प्रवेश :

आईचा फोन सकाळीच येऊन गेला होता. विन्या सहीचे कागद घेऊन येतोय, नीट बोल त्याच्याशी. दुपारी विनायक आला तेव्हा दोन्ही हातांत पेट्या होत्या आणि खांद्यावरच्या पिशवीतून तपकिरी पाकिटाचं टोक वर आलं होतं. सुनंदाने बाल्कनीच्या दाराशी गोणपाट अंथरलं आणि पेटीतलं गवत त्यावर सारखं केलं.

“दोन कशाला आणल्यास?”

“असू देत गं. यंदा आला बरा.”

“आई तर म्हणत होती, मोहोर करपला.”

विनायकने दुसऱ्या पेटीची सुतळी कापली. “वरच्या अंगाचा करपला. खाली विहिरीकडे वारा कमी लागतो.”

“ते कलम आहे अजून? विहिरीवरचं?”

“आहे की. पण म्हातारं झालंय. ती सगळीच बाजू काढून नवी लावायची म्हणतोय. खर्चाचं जमलं की.”

“हा वेगळा ठेव. लवकर होईल.” तिने आंबा त्याच्या हातात दिला. “राहतोयस ना दोन दिवस?”

“छे. उद्या सकाळच्या गाडीने. मंगळवारी तालुक्याला काम आहे, कचेरीत.” तो आंबे मांडत राहिला. “तूही चल वाटलं तर. आईला भेटशील.”

“मला रजा नाही.”

“एका दिवसाचंच काम. बुधवारी परत.”

“एकावर एक नको ठेवूस विन्या. शेजारी शेजारी लाव.”

“एवढी जागा कुठाय इथे?”

“इथे नाहीच. तिथे पडवीभर असायचे.”

काही वेळ दोघंही लावत राहिली. मग विनायक म्हणाला, “भाऊजी कधी येतात?”

“आठ वाजतात. का?”

“सहज. ते असले की बरं.”

“त्यांना आंब्यातलं काही कळत नाही.”

“नाही, म्हणजे जेवायला.”

“जेवायला असतीलच.” तिने गवताची शेवटची मूठ आंब्यांवर पसरली. “झाली एक पेटी. दुसरी बांधून ठेव. आईला घेऊन जा.”

“अगं तुझ्यासाठी आणली ना ती.”

“एक पुरते आम्हाला. आणि पुढच्या वर्षी हीसुद्धा आणू नकोस. मीच येईन. चांगली पंधरा दिवस रजा काढून येईन, झाडाचे खाईन.”

“ये की,” विनायक म्हणाला. “तुझंच घर आहे.”

“हो ना?”

विनायकने तोडलेल्या सुतळीची दोन टोकं जुळवून बघितली. ती पुरत नव्हती. “राहू दे इथेच,” तो म्हणाला. “सकाळी बघू.”

यात सही, कागद, हिस्सा, कर्ज यांतला एकही शब्द कुणी उच्चारलेला नाही. तरीही प्रवेश संपताना सुरुवातीची स्थिती बदललेली आहे आणि हा बदल हीच खरी परीक्षा असते. दोघं जिथे बसली तिथेच उठली, तर खाली काही चाललंच नव्हतं असं समजावं.

बदल कसा झाला ते बघू. दुसरी पेटी हा विनायकचा पहिला डाव. न मागता काही मिळवायचं असेल तर आधी न मागता काही द्यावं लागतं. सुनंदा पहिल्याच वाक्यात त्या पेटीवर बोट ठेवते. तो पीक चांगलं आल्याचं सांगतो, ती आईचा हवाला देऊन ते खोडते. ती त्याला खोटारडा म्हणत नाही. मोहोर करपल्याची बातमी फक्त समोर ठेवते. पण आता दोघांनाही कळलंय की जादा पेटी जादा पिकातून आलेली नाही. त्याची सारवासारव इतकी घाईची आहे की तो नको तिथे, विहिरीकडच्या कलमांकडे जाऊन पोचतो आणि खर्च हा शब्द त्याच्या तोंडून निसटतो. कर्जाच्या सगळ्यात जवळ प्रवेश इथे जातो. म्हणून तिथेच सुनंदाने त्याच्या हातात आंबा द्यायचा. विषय पृष्ठभागाला लागायला आला की हातातलं काम मध्ये आणणं ही जुनी आणि खात्रीची युक्ती आहे.

तालुक्याच्या कचेरीचं वाक्य मला या प्रवेशातलं सगळ्यात उपयोगाचं वाटतं. सही घरबसल्या होत नाही, निबंधकासमोर जावं लागतं. त्यामुळे ‘आईला भेटशील’ हे निमंत्रण खरं म्हणजे समन्स आहे, आणि त्याने बहिणीला न विचारता मंगळवार ठरवूनही ठेवलाय हे त्यातून तिला कळतं. व्यवहाराची अशी बारीक माहिती लेखकाला असली की डाव आपोआप सुचतात. कागद कुठे नोंदवतात हे मला ठाऊक नसतं, तर विनायकला खिडकीबाहेर बघत उसासा टाकावा लागला असता. ती रजा नसल्याचं सांगते. नंतर मात्र पंधरा दिवसांची रजा तिला सहज मिळते. ती विसंगती मुद्दाम आहे. वाचकाने ती धरली तर बरं, नाही धरली तरी बिघडत नाही.

भाऊजींच्या प्रश्नात तो तिसऱ्या माणसाला आपल्या बाजूने उतरवू पाहतो. जावयाला त्या जमिनीत रस नसेल, तो म्हणेल देऊन टाक, असा त्याचा हिशेब. ती तो मार्ग एका वाक्यात बंद करते. ते वाक्य आंब्यांबद्दल पूर्णपणे खरंही असू शकतं. हे फार महत्त्वाचं आहे. वरचा अर्थ लंगडा असेल, केवळ खालच्या अर्थासाठी ओढून आणलेला असेल, तर वाचकाला लेखकाचा हात दिसतो. कुणी हा प्रवेश चोरून ऐकत असेल, तर त्याला भाऊबहीण आंबे लावताहेत एवढंच वाटायला हवं.

आणि मग ‘तुझंच घर आहे’. हे वाक्य आपल्याकडे दारात आलेल्या कुणालाही म्हणतात. म्हणणाऱ्याचा त्यामागे काही हेतू नसतो. विनायकच्या तोंडून ते सवयीने गेलं. सुनंदाने फक्त दोन शब्दांत त्याला ते पुन्हा ऐकवलं. आता पाकीट बाहेर काढायचं तर त्याला स्वतःचंच वाक्य मोडावं लागेल. मराठी घरांत अशा तयार वाक्यांचा साठा मोठा आहे : ‘काही लागलं तर सांगा’, ‘तुम्ही मोठे, तुम्ही ठरवा’, ‘आमचं काय, आम्ही आहोतच’, ‘येऊन जाऊन असा’. संबोधनंही तशीच. या प्रवेशात तिने त्याला नावाने एकदाच हाक मारली आहे, ‘विन्या’ म्हणून, आणि तीही नेमकी त्याचं निमंत्रण परतवताना. थोरली बहीण धाकट्याला दटावते त्या सुरात ती त्याच्याशी बोलली, की सातबाऱ्यावरचा बरोबरीचा खातेदार क्षणभर पुन्हा शाळकरी पोर होतो. लेखनाच्या वर्गात परदेशी कथांचे धडे गिरवताना ही आपल्या हाताशी असलेली साधनं वापरायची राहून जातात, याचं मला वाईट वाटतं.

आता बिघडतं कुठे ते. याच प्रवेशात एक मोह फार जवळ होता. हापूसमध्ये कधीकधी साका निघतो. फळ वरून देखणं, कापल्यावर आत पांढरट स्पंजासारखा भाग. सुनंदाने एखादा आंबा हातात घेऊन म्हणावं, “वरून काही कळत नाही, आत साका असतो,” आणि विनायककडे बघावं. वाक्य चमकदार आहे आणि म्हणूनच नको. ते सुनंदाचं नाहीच, ते प्रतीक सापडल्याच्या आनंदात लेखक बोलतोय. शिवाय त्याने झटापटीत काही हलत नाही. तिचा संशय वाचकाला आधीच कळलेला आहे. जे वाक्य डाव टाकत नाही, केवळ खालच्या अर्थाकडे बोट दाखवतं, ते काढायचं. याच कारणासाठी ‘ती खोचकपणे म्हणाली’, ‘त्याचा चेहरा पडला’ असल्या पुरवण्याही काढायच्या. दुसऱ्या खर्ड्यात अशा सगळ्या क्रियाविशेषणांवर काट मारून बघा. वाक्याचा सूर तरीही ऐकू आला तर काट बरोबर होती. ऐकू आला नाही तर वाक्य बदला, क्रियाविशेषण परत आणू नका.

उलट बाजूचा बिघाड म्हणजे कोडं. हेमिंग्वेची 1927 मधली एक प्रसिद्ध कथा आहे. स्पेनमधल्या एका आडबाजूच्या स्टेशनवर एक पुरुष आणि एक तरुणी गाडीची वाट बघत बसलेत, बिअर पीत एका ऑपरेशनबद्दल बोलताहेत. ऑपरेशन गर्भपाताचं आहे, पण तो शब्द कथेत नाही. पहिल्या वाचनात पुष्कळांना ते कळत नाही. हेमिंग्वेने तो धोका पत्करला आणि त्याला तो पेलला, कारण त्या दोघांमधला दाब, कोण कुणाला वळवू पाहतंय, हे मात्र पहिल्या वाचनातही स्पष्ट असतं. विषय एकवेळ झाकलेला चालेल, ओढाताण दिसलीच पाहिजे. नवशिक्याने मात्र विषयही सांगून टाकावा. आईच्या फोनची ती दोन वाक्यं काढून आमचा प्रवेश कुणाला वाचायला दिला, तर ‘बहीण भावावर कशावरून तरी चिडलीय’ एवढंच हाती लागेल.

कसोटी म्हणून वर्गात एक गोष्ट करता येते. प्रवेश दोघांना मोठ्याने वाचायला द्यायचा, वाचणाऱ्यांना भांडण माहीत नाही असं बघायचं, आणि ऐकणाऱ्यांना तीन प्रश्न विचारायचे : कुणाला काय हवंय, तो ते सरळ का मागत नाही, आणि शेवटी वरचढ कोण आहे. पहिल्याचं उत्तर बहुतेकांचं सारखं यायला हवं. दुसऱ्याला थोडी चाचपड चालेल. तिसऱ्यावर वाद झाला तर उत्तम. सुनंदा जिंकली असं म्हणणाऱ्यांना कुणीतरी आठवण करून देईलच, की दुसरी पेटी अजून तिच्याच घरात आहे आणि पाकीट पिशवीत.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. अख्खी कथा अशी लिहिली तर वाचक कंटाळतो, आणि त्याचं बरोबरही असतं. झाकलेला प्रवेश पुढच्या उघड्या प्रवेशासाठी दाब साठवतो. तो दाब कुठेतरी फुटावा लागतो, आणि फोडायला नेहमी तिसरा माणूस सोयीचा, ज्याच्यावर न बोलण्याची ती अट लागू नाही. चेखवने बाहेरून हाक मारून प्रवेश संपवला. इथे आपल्याकडे भाऊजी आहेत. ते आठ वाजता येतील, हातपाय धुऊन पानावर बसतील आणि आमरसाची वाटी ओढून घेत विचारतील, “काय विनायकराव, ते कागद आणलेत का?” त्यांच्या दृष्टीने तो साधा प्रश्न आहे. तो प्रवेश लिहायचा झाला तर एवढं लक्षात ठेवा की दोघंही आधी एकमेकांवर उखडणार नाहीत, भाऊजींवर उखडतील. सुनंदा म्हणेल जेवताना कसले विषय काढता, आणि विनायक तिच्या सुरात सूर मिसळेल.